ताटं वाढली म्हणून आक्का चोर ठरल्या

प्रश्न: शाळेच्या कँटीनचं फ्लेक्झिबल बजेट कसं करायचं? आमच्याकडं ठरवलेली आणि प्रत्यक्ष गेलेली ताटं कधीच जुळत नाहीत.

जुळणारच नाहीत. बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या कँटीनचा हिशेब मी सहा वर्षं लिहिला, एकाही महिन्यात जुळली नाहीत. त्यासाठी डोकं आपटून घेऊ नका.

आमचं बजेट महिन्याला 4,000 ताटांचं, ताट 35 रुपयांचं. किराणा-भाजी ताटाला 20, म्हणजे 80,000. डिसेंबरात गॅदरिंगच्या तालमी लागल्या, पोरं संध्याकाळपर्यंत शाळेत, ताटं गेली 4,800. किराणा झाला 94,400. कमिटीच्या बैठकीत खजिनदारांनी आकड्याखाली लाल रेघ ओढली आणि स्वयंपाक करणाऱ्या आक्कांना सगळ्यांसमोर विचारलं, "चौदा हजाराचा माल गेला कुठं?" मी म्हटलं, सर, ताटं वाढलीत की. तर म्हणे, "मंजूर आकडा तो मंजूर आकडा." आक्का काही बोलल्या नाहीत. पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

अहो, 4,800 ताटांना वीसनं गुणा, 96,000 येतात. बाईंनी 1,600 रुपये वाचवले होते!

फ्लेक्झिबल बजेट म्हणजे एवढंच. महिना संपल्यावर प्रत्यक्ष गेलेल्या ताटांवर बजेट पुन्हा मांडायचं आणि खर्च त्याच्याशी ताडायचा. पगार 30,000 आणि लाईटबिल वगैरे 6,000 हे ताटांवर हलत नाहीत. किराणा ताटागणिक हलतो. गॅस मधला, थोडा हलतो, थोडा नाही. त्यासाठी मी जुन्या वहीतले दोन महिने काढले: 3,000 ताटांना 6,500 चा गॅस, 5,000 ना 9,500 चा. दोन हजार ताटांमागं तीन हजार वाढले, म्हणजे ताटाला दीड रुपया. मग 3,000 ताटांचे 4,500 वजा केले की उरले 2,000, ते एकही ताट न जाता जळणारे. सगळं मिळून महिन्याचा खर्च 38,000 अधिक ताटाला साडेएकवीस. गॅस मात्र बिलावरून धरू नका. तीस तारखेला आलेली टाकी पुढच्या महिन्यात जळते. एकोणीस किलो गॅसची टाकी महिन्याच्या शेवटी काट्यावर ठेवा, रिकाम्या टाकीचं वजन सोडून उरलेला गॅस या महिन्यातून वजा करा आणि पुढच्या महिन्यात धरा.

ही पट्टी हातात आल्यावर मी मागचा जुलै काढला. त्या महिन्यात आमच्याकडं पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. ताटं गेली 3,200, एकूण खर्च 1,13,600. बजेट होतं 1,24,000, म्हणून खजिनदारांनी दहा हजार वाचल्याबद्दल टाळ्या वाजवल्या होत्या. पण 3,200 ताटांना खर्च 1,06,800 च हवा होता. 6,800 जास्त गेले होते, त्यातले 6,400 किराण्यात. सोळा हजार उरायचे तिथं सोळाशेचा तोटा झाला. म्हणजे 17,600 चा फरक. त्यातले 10,800 पावसानं नेले, पोरंच आली नाहीत त्याला कोण काय करणार? उरलेले 6,800 मात्र आमचे.

आधी मला दराचा संशय आला, पण रविवार पेठेतल्या पावत्यांवर तांदूळ-डाळीचा भाव तोच होता. मग माल जास्त गेला. कारण साधं निघालं. डाळ-भात सकाळी आठला चढायचा, हजेरी साडेदहाला कळायची. पावसाच्या दिवशी 160 चा भात शिजे आणि 120 जेवत. उरलेला भात पातेल्यानं गोठ्यात जाई. किती चढवायचं ते आक्कांना ऑफिसातून सांगितलं जाई, त्या मनानं काही करत नव्हत्या. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा, शिजलेली ताटं आणि गेलेली ताटं. बजेट गेलेल्या ताटांवर मांडा, नासाडी पहिल्या रकान्यातून कळते.

हे आकडे एका मर्यादेतच चालतात. आमच्याकडं 5,000 च्या वर ताटं गेली की आणखी एक बाई लावावी लागे, मग पगारही हलतो. आणि तुमची शाळा अक्षरदासोह या कर्नाटक सरकारच्या दुपारच्या जेवणाच्या योजनेतली असेल तर हा हिशेब तसाच लावू नका. तिथं पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. म्हणजे सरकारलासुद्धा पोरांच्या डोक्यांवर मोजणं जमतं, आमच्या खजिनदारांना जमलं नाही.

मी हे सगळं कागदावर मांडून फेब्रुवारीच्या बैठकीत ठेवलं. खजिनदारांनी वाचलं, घडी करून खिशात घातलं, म्हणाले, "बघू की." आक्का जानेवारीतच काम सोडून गेल्या होत्या.