पैसे नाहीत म्हणून ग्रुपच्या ट्रिपला नाही कसं म्हणू?

प्रश्न: मित्रांची चार दिवसांची ट्रिप ठरतेय. मला परवडणार नाही. खोटं कारण न देता कसं सांगू?

उत्तर: बुकिंग व्हायच्या आधी सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं. खोलीचं आणि गाडीचं भाडं माणसांवर वाटलं जातं. तुम्ही उशिरा गळलात की तुमचा वाटा बाकीच्यांवर पडतो, आणि राग येतो तो त्याचा. ‘बघतो, सांगतो’ म्हणत राहिलात तर ते तुम्हाला धरूनच हिशोब करतात.

ग्रुपवर एवढंच लिहा: ‘या ट्रिपचा खर्च माझ्या बजेटमध्ये बसत नाही, त्यामुळे मी येत नाहीये. मला न धरता बुकिंग करा.’ हप्ते, पगार, घरची अडचण यातलं काही नको. कारणं दिली की लोक ती सोडवायला बसतात. ‘सुट्टी नाही’ म्हणालात तर तारखा बदलतील, मग काय सांगणार? मी एकदा तब्येतीचं कारण दिलं होतं. आठवडाभर विचारपूस करणारे फोन घेताना जास्त लाज वाटली.

कोणीतरी म्हणेलच, ‘मी भरतो, नंतर दे.’ ते कर्जच आहे. म्हणा, ‘विचारलंस, बरं वाटलं, पण उधारीवर नाही यायचं मला.’ पुन्हा आग्रह झाला तर हेच वाक्य पुन्हा, नवं कारण न जोडता. एखाद्या जवळच्या मित्राला खरी परिस्थिती सांगावीशी वाटली तर वेगळी सांगा, ग्रुपवर नको.

आणि खरंच भेटायचं असेल तरच ‘परत आलात की भेटू’ लिहा.