सावलीत वाळणारे पापड

"आई, दुकानात इतके पापड मिळतात, मग आजी अजून कशाला हात दुखवून घेते?"

सानू,

फोनवर मी "आवडतं तिला" एवढंच म्हणाले. ते खरं आहे, पण अर्धंच. विकतचे पापड वाईट असतात असं मी म्हणणार नाही, आपल्या इथल्या कपाटातही पाकीट असतंच. पण आजीच्या पापडात खार किती, मिरी किती आणि पीठ किती कुटायचं, हे तिच्या हातात असतं. उडदाचा पापड बिघडतो तो तिथेच.

1 किलो उडीद डाळीच्या बारीक पिठाला ती 35 ग्रॅम पापडखार, 50 ग्रॅम मीठ, 25 ग्रॅम जाडसर कुटलेली मिरी आणि दोन चमचे हिंग घेते. खार आणि मीठ 450 मिलीलिटर पाण्यात उकळून पूर्ण गार करायचं आणि तळाचा गाळ सोडून वरचं निवळ पाणीच वापरायचं. गाळातला एखादा कण पापडात आला की लाटताना तिथेच भोक पडतं. खार कमी पडला तर पापड भाजताना फुलत नाही, जास्त झाला तर लालसर होतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. म्हणून खार अंदाजाने घालू नये, काट्यावर मोजावा.

पाणी एकदम ओतायचं नाही. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट गोळा व्हायला हवा, थोडं पाणी उरलं तरी चालेल. सैल पीठ लाटायला सोपं वाटतं, पण ते पोळपाटाला चिकटतं, मग पिठी जास्त लागते, आणि तीच पिठी तळताना तेलात जळून तेल काळं करते.

गोळा झाकून पाच-सहा तास ठेवायचा. मग कुटणं. हात दुखतात ते इथेच, आणि खरं सांगायचं तर हा भाग मलाही जास्त वाटतो. पण तो टाळता येत नाही. उडदाला मुळात चिकटपणा असतो, खाराने तो वाढतो, आणि कुटल्यावर तो सगळ्या पिठात सारखा होतो. थोडं थोडं पीठ घेऊन, तेलाचा हात लावत, बत्त्याने कुटत राहायचं. झालं की नाही ते बघायचं असेल तर चिमूट ओढून बघ. कच्चं असेल तर पटकन तुटतं. झालेलं पीठ ओढलं की लांबतं, आणि त्याचा रंगही आधीपेक्षा पांढुरका दिसतो. याच वेळी आम्ही सगळी भावंडं तेलात बुडवलेल्या लाट्या मागत भोवती बसायचो. पोट दुखेल म्हणून काकू हात आवरायची.

पिठाची लांब सुरळी करून ती दोऱ्याने कापायची. दोरा खालून घालून दोन्ही टोकं वर ओलांडून ओढली की लाटी न दबता सुटते, सुरीने ती चेपते. मोठ्या सुपारीएवढी एक लाटी धरली तर एका किलोत शंभरेक पापड होतात. लाट्यांना तेल लावून त्या झाकूनच ठेवायच्या, उघड्या राहिल्या की वर साय धरते आणि लाटताना कडा फाटतात. लाटणं रेघांचं असतं. लाटताना लक्ष कडेवर हवं. मध्ये पातळ आणि कडेला जाड राहिला तर भाजताना मधला भाग करपतो आणि कड कच्चीच राहते.

आता वाळवणं. तांदळाचे पापड कडक उन्हात टाकतात, उडदाचे टाकत नाहीत. ऊन लागलं की कडा आधी सुकतात, मधला भाग ओला राहतो, पापड वाटीसारखा वळतो आणि तडकतो. म्हणून घरात, सुती कापडावर, सावलीत. अर्धवट वाळले की उलटायचे. वाकवल्यावर अजून लवतात पण एकमेकांना चिकटत नाहीत, अशा वेळी त्यांची चळत करून वर पाट ठेवायचा, म्हणजे ते सपाट राहतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुटे पसरायचे. शेवटी सकाळचं कोवळं ऊन तासभर दिलं की पुरे.

म्हणजे हे तुझ्या खोलीतही होऊ शकतं, फक्त पापड पंख्याच्या किंवा हीटरच्या झोतात नकोत. तू करच असं माझं म्हणणं नाही. आजी फोनवर प्रमाण सांगायला लागली तर लिहून मात्र घे.

डब्यात भरण्याआधी एक पापड भाजून बघायचा. तो सगळीकडे सारखा फुलला तर बाकीचे भरायला हरकत नाही. मधे चिवट लागला तर अजून ओल आहे, आणि तसाच भरला तर पावसाळ्यात बुरशी धरतो. फार सुकलेले पापड डब्यात हलवतानाच तुटतात. कोरड्या स्टीलच्या डब्यात चळत घट्ट बसवायची, ओला हात डब्यात घालायचा नाही, आणि रोजचे पापड वेगळ्या लहान डब्यात काढून ठेवायचे, म्हणजे मोठा डबा सारखा उघडत नाही.

तुझी आई