तुझी चूल आणि द्यूशाँची मुतारी

प्रिय,

आजीच्या घरची पितळी चूल वार्षिक प्रदर्शनात 'रेडीमेड' म्हणून, म्हणजे तयार वस्तू निवडून तीच कलाकृती म्हणून, ठेवायचं तुझ्या मनात आहे. मांडायच्या आधी फ्रेंच कलाकार मार्सेल द्यूशाँने १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये नेमकं काय केलं ते नीट बघ. तयार वस्तू कला कशी होते, याला 'कलाकार म्हणाला म्हणून कला झाली' हे उत्तर मला पटत नाही, कारण तिथे तसं घडलंच नाही.

सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनाला परीक्षक नव्हते. सहा डॉलर भरले की कुणाचीही कलाकृती लागणार, असा त्यांचा नियम होता. द्यूशाँ स्वतः संचालक मंडळात होता. तिथे त्यानेच 'आर. मट' या खोट्या नावाने पाठवलेलं मुतारीचं चिनी मातीचं भांडं आलं. ते पाठीवर आडवं ठेवायचं होतं, त्यावर सही आणि साल होतं, आणि शीर्षक होतं 'फाउंटन'. नियमाप्रमाणे ते लागायलाच हवं होतं. मंडळाने मतदान करून ते नाकारलं आणि द्यूशाँने राजीनामा दिला. म्हणजे कलाकाराच्या शब्दाला त्या दिवशी काही किंमत मिळाली नाही. पण 'आम्ही निवड करत नाही' म्हणणारेही निवड करतात, हे उघड्यावर आलं. माझ्या मते कलाकृतीचं खरं काम तिथे झालं.

पुढे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झने त्या भांड्याचा फोटो काढला. 'द ब्लाइंड मॅन' या छोट्या नियतकालिकात तो छापून आला, सोबत एक निनावी टिपणही. मटने ते स्वतःच्या हाताने घडवलं की नाही याला महत्त्व नाही, त्याने ते निवडलं आणि त्या वस्तूसाठी नवा विचार निर्माण केला, असा त्याचा आशय होता. मूळ भांडं हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्या बहुतेक १९६४ च्या प्रती. गंमत बघ, त्या जुन्या फोटोवरून मुद्दाम घडवून घेतलेल्या आहेत, दुकानातून आणलेल्या नाहीत! तरीही त्यांना रेडीमेडच म्हणतात. तेव्हा वस्तू तयार मिळाली, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही.

आता तुझी चूल. रेडीमेड निवडताना डोळ्याला ना आवडणारी ना नावडणारी वस्तू घ्यायची, असं द्यूशाँने पुढे सांगितलं होतं. बर्फ उपसायचं फावडं किंवा बाटल्या वाळवायची घोडी त्याने घेतली ती याच दृष्टीने. तुझ्या चुलीला मात्र आजीचा हात लागलाय, तिचं पितळ चकाकतं, बघणारा लगेच हळवा होणार. त्यात वाईट काही नाही, पण ती आठवणीची मांडणी झाली. तिला तसंच नाव दे आणि तिच्याजवळ आजीबद्दल लिही.

रेडीमेडच करायचं असेल तर प्रदर्शनाची नियमावली आधी काढून वाच. 'स्वतः घडवलेली कलाकृती' असं कलम त्यात असेल, तर तुला प्रश्न विचारायची जागा सापडली. मग त्या कलमाला भिडणारी वस्तू शोध. प्रवेशअर्जाची प्रत आणि नकार आला तर तो लेखी जपून ठेव, कारण मांडायला तुझ्याकडे कदाचित तेवढंच उरेल.

तुझा,
सर