‘अवरोध बिंदू’ नव्हे, छेदनबिंदू

*प्रश्न (फोंडा): रेडिओवर मराठीत टिपण लिहितोय. ‘थर्ड-ऑर्डर इंटरसेप्ट पॉइंट’ला ‘तृतीय श्रेणी अवरोध बिंदू’ म्हटलं तर चालेल का? आणि इंटरमॉड्युलेशनमुळे रिसीव्हरमध्ये जे खोटे स्वर येतात, त्यांना काय म्हणावं?*

‘अवरोध’ चालणार नाही. इथे कोणी कोणाला अडवत नाही. हा शब्द भूमितीतला आहे. आलेखावर दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, ती जागा म्हणजे हा बिंदू, आणि शाळेत आपण त्याला छेदनबिंदूच म्हणतो. ‘तृतीय श्रेणी’ही सोडा, त्याने परीक्षेचा निकाल आठवतो. इथला ‘तीन’ घाताचा आहे. म्हणून मी ‘त्रिघाती छेदनबिंदू’ लिहीन. हा घात येतो कुठून, ते पाहिलं की शब्द आपोआप पटतो.

पणजीचंच उदाहरण घ्या. इथे ९८.३ आणि १०५.४ मेगाहर्ट्झवर एफएम केंद्रं आहेत. स्वस्त यूएसबी रिसीव्हरला लांब एरियल लावून तो आल्तिनो टेकडीच्या आसपास चालवला, तर दोन्ही सिग्नल त्याच्या पहिल्या अॅम्प्लिफायरवर एकदम आदळतात. अॅम्प्लिफायर जोवर आत येईल त्याच्या ठरावीक पटीत बाहेर देतो, तोवर काही बिघडत नाही. सिग्नल फार मोठा झाला की लहरीचे शेंडे चेपले जातात, आणि त्या चेपण्यात दोन्ही सिग्नलांचा एकमेकांशी गुणाकार होतो. एकाचे दोन वाटे आणि दुसऱ्याचा एक, मिळून तीन. २ × ९८.३ − १०५.४ = ९१.२. म्हणजे ९१.२ वर एक ‘केंद्र’ लागतं, जे हवेत कुठेच नाही. कान देऊन ऐका: दोन्ही कार्यक्रम एकात एक मिसळलेले असतात, आणि त्यातला ९८.३चा आवाज जास्त फाटलेला, कारण त्याचे दोन वाटे घेतल्याने त्याची वारंवारिता दुप्पट हेलकावे खाते.

दोन वाट्यांचे गुणाकारही होतात, पण ते ७.१ आणि २०३.७ला, फार लांब पडतात. फिल्टर त्यांना सहज काढतो. तीन वाट्यांचे मात्र मूळ सिग्नलांच्या शेजारीच बसतात, म्हणून काळजी त्यांची.

या स्वरांना मी ‘तोतया स्वर’ म्हणेन. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हापासून हा शब्द मराठीत रुजलेला आहे आणि तो इथे नेमका बसतो. तोतया दुसऱ्याचंच रूप घेऊन येतो, नुसता गोंगाट करत नाही. ‘इंटरमॉड्युलेशन’ मात्र तसंच ठेवा. बोलताना सगळे ‘इंटरमॉड’च म्हणतात.

आता तो बिंदू. तीन वाट्यांमुळे मूळ दोन्ही सिग्नल १ डेसिबलने वाढले की तोतया ३ डेसिबलने वाढतो. समजा रिसीव्हरचा छेदनबिंदू, आत येणाऱ्या सिग्नलच्या हिशेबात, उणे १० डीबीएम, म्हणजे एका मिलिवॉटपेक्षा १० डेसिबल खाली, आहे. दोन्ही सिग्नल उणे ४० असतील, तर तोतया ३ × (−४०) − २ × (−१०), म्हणजे उणे १०० डीबीएमच्या सिग्नलाएवढा. मुळापेक्षा ६० खाली. सिग्नल उणे ३०वर आले की तोतया उणे ७०वर. अंतर ४०च उरलं. असंच पुढे ओढत नेलं, तर उणे १०ला तोतया आणि मूळ सारखे होतील. तिथे आलेखावरच्या मूळ आणि तोतयाच्या दोन रेषा छेदतात.

पण प्रत्यक्षात रिसीव्हर तिथवर पोचत नाही. साधारण १० डेसिबल आधीच तो दबायला लागतो आणि रेषा वाकतात. म्हणजे हा बिंदू मोजायचा नसतो, खालच्या सरळ भागावरून रेषा वाढवून काढायचा असतो. आकडा जितका मोठा, तितकी जोरदार शेजाऱ्यांना सहन करण्याची ताकद जास्त. रिसीव्हरचा गेन वाढवला की हा आकडा बहुधा खाली येतो, म्हणून गेन न सांगता दिलेल्या आकड्यावर मी विसंबत नाही.

तोतया ओळखायची कसोटीही याच ‘त्रिघाती’त आहे. एरियल आणि रिसीव्हरच्या मध्ये सिग्नल १० डेसिबलने कमी करणारा अॅटेन्युएटर लावा. खरं केंद्र पडद्यावर १०ने उतरेल, तोतया ३०ने. बहुतेकदा तो दिसेनासाच होतो. माझ्याकडे एकदा तो फक्त १०नेच उतरला. रिसीव्हर निर्दोष होता. खाऱ्या वाऱ्याने गच्चीवरच्या एरियलच्या पाइपाचा सांधा गंजला होता आणि गुणाकार त्या गंजात होत होता. तोतया बाहेरच तयार होऊन आत येत होता. सांधा घासून, नट आवळून ९१.२ शांत झालं. अशा वेळी छेदनबिंदूचा आकडा कितीही चांगला असला, तरी उपयोग नसतो, कारण तो फक्त रिसीव्हरच्या आतलं सांगतो.