निधनाच्या जाहिरातीत तारीख आणि 'त्या'

"उद्याच्या पेपरसाठी मजकूर आज संध्याकाळी द्यायचा आहे. कोणी तपासून द्याल का? आई शुक्रवारी रात्री बारा वाजून गेल्यावर गेली.
'आमची आई कै. श्रीमती ... यांचे शुक्रवार दि. २१/११/२५ रोजी रात्री १२.४० वाजता वृध्दापकाळाने दु:खद निधन झाले. ती मनमिळावू स्वभावाची होती. तिच्या पश्चात् दोन मुले, सुना व नातवंडे आहेत. दशक्रिया विधी सोमवार दि. ३०/११ रोजी रामकुंड, नाशिक येथे होईल.'"

आईंना भावपूर्ण श्रद्धांजली.

आधी तारीख बघा, कारण शुद्धलेखन चुकले तरी लोक समजून घेतात, पण चुकीच्या दिवशी घाटावर येतात. रात्रीचे १२.४० म्हणजे सरकारी हिशेबाने शनिवार, २२ नोव्हेंबर. मृत्यूच्या दाखल्यावर हीच तारीख येईल, म्हणून जाहिरातीतही हीच द्या. दहावा मात्र बऱ्याच घरांत सूर्योदयापासूनच्या दिवसाने मोजतात. तसे धरले तर शुक्रवार पहिला दिवस आणि दहावा ३० तारखेला, पण तो रविवार आहे. शनिवारपासून मोजले तर सोमवार, १ डिसेंबर. तुमच्या मजकुरात एका मोजणीचा वार आणि दुसऱ्या मोजणीची तारीख आली आहे. गुरुजींना आत्ताच फोन करून एक दिवस नक्की करा. महिना अक्षरात आणि साल पूर्ण लिहा.

दुसरे, 'यांचे' लिहिले की सगळे वाक्य आदरार्थी चालवावे लागते. 'आमची आई' चे 'आमच्या आई' होईल, 'ती... स्वभावाची होती' चे 'त्या... स्वभावाच्या होत्या', 'तिच्या' चे 'त्यांच्या'. 'झाले' तसेच राहील, कारण ते 'निधन' या शब्दाप्रमाणे चालते. घरात आपण आईला 'ती'च म्हणतो, त्यामुळे लिहिताना हात तिकडे वळतो. 'हिचे... तिच्या' असे सलग लिहिले तर व्याकरण चुकत नाही, पण दोन्हींची सरमिसळ खटकते.

'कै.' काढा. त्या गेल्याचे आपण याच वाक्यात सांगतो आहोत, म्हणून इथे 'श्रीमती' पुरे. पुढे वर्षश्राद्धाच्या जाहिरातीत 'कै.' येईल.

शब्दांत 'वृद्धापकाळाने' (द ला ध जोडलेला), 'मनमिळाऊ' ('टिकाऊ'सारखे) आणि 'पश्चात' पाय न मोडता. 'दुःखद' मध्ये विसर्गाच्या जागी कोलन टाइप झाला आहे. छपाईत त्याच्यापुढे शब्द तुटून 'खद' खालच्या ओळीत गेलेला मी पाहिला आहे, तेव्हा विसर्गाची कळ वापरून पुन्हा टाइप करा.

गुरुजींनी रविवार सांगितला असे धरून:

"आमच्या आई श्रीमती ... यांचे शनिवार, दि. २२ नोव्हेंबर २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर १२.४० वाजता वृद्धापकाळाने दुःखद निधन झाले. त्या मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. दशक्रिया विधी रविवार, दि. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी ... वाजता रामकुंड, नाशिक येथे होईल. – शोकाकुल: ... परिवार"

विधीची वेळ तुमच्या मजकुरात राहिली होती, ती भरा. छापण्याआधी पेपरवाल्यांकडून प्रूफ मागवा आणि त्यात वार-तारीख कॅलेंडर समोर ठेवून पुन्हा ताडून पाहा.