आधी कात्री, मग रंग

तुमच्या दुकानाच्या निमंत्रणपत्रिकेचा मसुदा वाचला. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून सुरुवात आणि निम्मी पत्रिका निमंत्रकांच्या नावांची, साड्यांचं दुकान आहे हे नवव्या ओळीत कळतं! नवखे सगळे हेच करतात. गणपती आणि वडीलधाऱ्यांची नावं राहू द्या, पण लहान अक्षरात, तळाशी.

वर यायचं ते असं:

- का यायचं: ‘पैठणी विणताना पाहा, सकाळी 11 ते 1.’ तुम्ही विणकर बोलावलाय आणि ते शेवटी लिहिलंय!
- कधी: नुसतं ‘अक्षय्य तृतीयेच्या शुभमुहूर्तावर’ नको. ‘रविवार, 19 एप्रिल, सकाळी 10 ते रात्री 9.’ मुहूर्ताची वेळ घरच्यांसाठी असते, गिऱ्हाइकाला दुकान कधी उघडं ते हवं.
- सवलत: ‘आकर्षक सूट’ खोडा. ‘2,000 रुपयांच्या खरेदीवर 200 रुपये कमी, फक्त 19 ते 21 एप्रिल.’ अट सवलतीला चिकटूनच लिहा. तळाशी चांदणी करून लपवली की गल्ल्यावर वाद होतात.
- कुठे: गाळा क्रमांकाआधी खूण, ‘मारुती मंदिरासमोर, पहिला मजला’.

तारीख आणि सवलत, दोनच गोष्टी ठळक. सगळंच ठळक केलं की काहीच दिसत नाही. मग पत्रिकेचं चित्र व्हॉट्सॲपवर घरी पाठवा, झूम न करता आईला तारीख वाचता आली तरच छापायला द्या. नक्षी, फॉन्ट नंतर बोलू.