फोटोत फक्त लाल छत्री रंगीत ठेवायची आहे

प्रश्न: बाकी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून फक्त छत्री लाल कशी ठेवू? फोटोशॉप वापरतो. खोडरबराने पुसलं तर कडा खराब येतात.

उत्तर: खोडरबर वापरू नका, त्याने पुसलेलं परत येत नाही. त्याऐवजी मास्क वापरा, म्हणजे लेयरचा परिणाम कुठे दिसावा (पांढरा) आणि कुठे लपावा (काळा) हे ठरवणारा थर. मास्कवर चूक झाली तरी उलट रंगाने रंगवून ती दुरुस्त होते.

आधी लॅसोने छत्रीभोवती ढोबळ वेढा घाला. मग `Select > Color Range` उघडून छत्रीच्या लाल भागावर क्लिक करा. वेढा न घालता हे केलं, तर ओठ आणि त्वचाही निवडीत येतात, कारण त्यांतही लाल असतोच. `Fuzziness` ४० च्या आसपास ठेवून बघा. निवड झाली की `Black & White` अ‍ॅडजस्टमेंट लेयर घाला. आता उलटंच दिसेल, छत्री करडी आणि बाकी सगळं रंगीत. लेयरसोबत आपोआप आलेला मास्क निवडून `Ctrl+I` दाबा, की जागेवर येईल.

खरं काम इथून पुढे. `Alt` दाबून मास्कवर क्लिक केलं की फक्त मास्क दिसतो. छत्री काळी दिसायला हवी, पण घड्यांच्या सावल्या आणि चमकणारे भाग पांढरे राहिलेले असतील. ते काळ्या ब्रशने भरा.

कडा १०० टक्के झूमवर तपासा. छत्रीबाहेर लालसर झाक दिसली तर मास्कचा काळा भाग मोठा झालाय, तिथे पांढरा ब्रश फिरवा. करडी रेघ दिसली तर काळा. ब्रश फार मऊ नको, त्यानेच झाक पसरते.

ओल्या रस्त्यावरचं छत्रीचं प्रतिबिंब मात्र लालच ठेवा, नाहीतर छत्री चिकटवल्यासारखी वाटते.